नाडी मंद, बीपी चढलेलं: कुशिंग, कीमोरिफ्लेक्स की आणखी काही?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात रात्रीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. दुचाकीवाला मागून आदळतो, हेल्मेट घरी खुंटीला असतं, आणि कॅज्युअल्टीत डोक्याला मार लागलेले पेशंट वाढतात.

अशा पेशंटच्या कागदावर कधीकधी एक विचित्र जोडी दिसते. नाडी ५४ आणि वरचं बीपी १८०. नेहमीचा हिशेब असा नसतो. रक्त गेलं की नाडी पळते आणि बीपी पडतं. वेदना, भीती, ताप यांत दोन्ही चढतात. नाडी पडते आणि त्याच वेळी बीपी चढतं, असं करणारी कारणं थोडी आहेत, आणि त्यातली दोन डोक्याला मार लागलेल्या माणसात हातात हात घालून येऊ शकतात. एक म्हणजे कवटीतला दाब वाढल्यावर उठणारा कुशिंग रिफ्लेक्स. दुसरा म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घसरल्यावर उठणारा कीमोरिफ्लेक्स. पहिल्याला न्यूरोसर्जन लागतो, दुसऱ्याला बहुतेक वेळा तुमचे दोन हात आणि एक अँबू बॅग पुरते.

हे लिहितोय ते नर्सिंग आणि एमबीबीएस शिकणाऱ्यांसाठी, तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळी काढणाऱ्यांसाठी आणि १०८ वरच्या मंडळींसाठी. परीक्षेत या दोघांच्या शेजारी बेनब्रिज रिफ्लेक्सही असतो, कर्णिका ताणल्यावर उठणारा. तिघांची व्याख्या पोरांना पाठ असते. टेबलाशी उभं राहिल्यावर समोरचा नेमका कुठला, हे मात्र सांगता येत नाही. तेच इथे पाहू.

बाकीचे ओळखायचे तर आधी बॅरोरिफ्लेक्स

मानेत कॅरोटिड सायनस आणि छातीत महाधमनीची कमान, या दोन जागी दाबाने ताणली जाणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. बीपी चढलं की ती जास्त संदेश पाठवतात. सायनसमधले ग्लॉसोफॅरिंजिअल नसेतून आणि कमानीतले व्हेगसमधून मेंदूच्या मुळाशी असलेल्या मेड्युलात जातात. तिथून हृदयाकडे व्हेगसचा जोर वाढतो, नाडी मंदावते, आणि रक्तवाहिन्या आवळणारी सिम्पथेटिक सूत्रं ढिली होतात. बीपी पडलं की सगळं उलटं.

म्हणजे निरोगी माणसात बीपी वर तर नाडी खाली, ही ओढ दिवसभर चालूच असते. पुढे जे रिफ्लेक्स येतील त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: नाडी थेट याने बदलली, की याने बीपी बदललं आणि नाडी बॅरोरिफ्लेक्सने बदलली? कुशिंग आणि कीमो यांच्यातला फरक या प्रश्नात दडलेला आहे.

कीमोरिफ्लेक्स: श्वास चालू असेल तर एक, थांबला असेल तर दुसरं

कॅरोटिड धमनीचे दोन फाटे होतात त्या ठिकाणी कॅरोटिड बॉडी नावाची काही मिलिमीटरची गाठ असते. तिच्या वजनाच्या मानाने तिला रक्ताचा पुरवठा प्रचंड आहे, त्यामुळे धमनीतल्या ऑक्सिजनचा बदल तिला लगेच कळतो. बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल याच भागातल्या कामाबद्दल मिळालं. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिमीच्या खाली गेला की तिचे संदेश झपाट्याने वाढतात. प्रोबवरच्या आकड्यात हे साधारण ९० टक्के. म्हणून ९० च्या खालचं सॅच्युरेशन वेगळ्या नजरेने पाहायचं.

संदेश मेड्युलात पोचल्यावर मुख्य परिणाम श्वासावर होतो: तो खोल आणि जलद होतो. रक्ताभिसरणावरही थेट परिणाम आहे. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं आणि व्हेगसमार्फत नाडी मंदावते. नाडी मंदावणं इथे थेट आहे, बीपी चढण्याची वाट न पाहता होणारं.

मग दम लागलेल्या पेशंटची नाडी आपल्याला जलद का दिसते? कारण तो श्वास घेतोय. श्वास वाढला की फुफ्फुसं ताणली जातात, त्या ताणाने व्हेगसचा हृदयावरचा जोर कमी होतो, आणि नाडी वर जाते. निमोनियाच्या पेशंटची नाडी १२० असते ती याच कारणाने, शिवाय तापाने आणि घाबरल्याने. पण श्वासच थांबला, किंवा छाती हलतेय पण हवा आत जात नाही, तर फुफ्फुसांचा हा पडदा बाजूला होतो आणि कीमोरिफ्लेक्सचा मूळ चेहरा दिसतो: नाडी मंद, बीपी चढतं.

आयसीयूत हे जवळून पाहता येतं. ट्यूब असलेल्या पेशंटला सिस्टर सक्शन करतेय. कॅथेटर आत गेलं, व्हेंटिलेटर सुटलेला आहे, कफ चिवट आहे म्हणून हात लांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद. सॅच्युरेशन ९६ वरून ८४, मग ७५. नाडी आधी ९२ असते, मग ७०, मग ४८. मॉनिटर ओरडतो. कॅथेटर काढून १०० टक्के ऑक्सिजनवर चार-सहा श्वास दिले की नाडी डोळ्यांदेखत परत येते. (यात घशाला आणि श्वासनलिकेला कॅथेटर टोचल्याने व्हेगस चेतवला जातो तोही भाग असतो, पण उपाय तोच.) अ‍ॅट्रोपिन शोधायला धावणारा नवीन इंटर्न इथे नेहमी भेटतो. आधी हवा, मग औषध. लहान मुलात तर हा नियम आणखी कडक: मुलाची नाडी मंद झाली की ऑक्सिजन कमी पडतोय असंच धरून चालायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत.

कुशिंग रिफ्लेक्स: जिथे दोन्ही नसा एकदम खेचल्या जातात

मोठ्या माणसाच्या कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूजल अशा तीनच गोष्टी असतात, आणि कवटी पसरत नाही. आत रक्ताची गाठ वाढू लागली की आधी मेंदूजल मणक्याकडे सरकतं आणि शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं. साखरेच्या गोणीत थोडी हलवाहलव करून आणखी किलो-दोन किलो बसते, मग मात्र एक मूठ टाकली तरी शिवण ताणते, तसं कवटीचं आहे. सुरुवातीला गाठ वाढूनही दाब जेमतेम वाढतो, आणि एका क्षणानंतर थोड्याशा वाढीने दाब उसळतो. म्हणूनच पेशंट तासभर नीट बोलतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांत जातो.

आडव्या पडलेल्या निरोगी माणसाच्या कवटीत दाब साधारण ७ ते १५ मिमी असतो. २२ च्या वर सतत राहिला तर उपचार करावा असं सध्याचं मत आहे. मेंदूला रक्त किती जोराने मिळतं हे काढायला साधं गणित आहे: सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. सरासरी बीपी म्हणजे खालचं बीपी अधिक वरच्या-खालच्या फरकाचा एक तृतीयांश. उत्तर ६० ते ७० च्या आसपास असावं.

कवटीतला दाब इतका वाढला की मेड्युलालाच रक्त पुरेना, तर तिथली सिम्पथेटिक केंद्रं जिवाच्या आकांताने चेततात. शरीरभर रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं, कवटीतल्या दाबाच्या वर जाऊन मेंदूत रक्त ढकलण्यासाठी. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्नला केलेल्या प्रयोगांत हेच दाखवलं: प्राण्याच्या कवटीत दाब वाढवत नेला की बीपी त्याच्या जरा वर राहील असं चढत जातं.

आता बीपी इतकं चढल्यावर मानेतला आणि कमानीतला बॅरोरिफ्लेक्स गप्प कसा बसेल? तो व्हेगसमार्फत नाडी खाली आणतो. म्हणजे इथे मंद नाडी मुख्यतः दुय्यम आहे, बीपीच्या मागून येणारी. मेंदूच्या मुळावर थेट दाब पडूनही व्हेगस चेततो, पण टेबलाशी उभ्या माणसाला उपयोगी पडतो तो क्रम: बीपी आणि वरच्या-खालच्या बीपीतला फरक आधी वाढू लागतो, नाडी मागोमाग उतरते. त्याच्याही आधी, बीपी चढायच्या वेळी नाडी जलदही असू शकते. तिसरी खूण श्वासाची: मेंदूच्या मुळातली श्वसनकेंद्रं दबली की श्वास अनियमित होतो, कधी खोल, कधी थांबलेला.

या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या म्हणजे वेळ बरीच गेलेली आहे. कुशिंग ही उशिराची खूण आहे, आणि पुष्कळ पेशंटमध्ये तीनही एकदम दिसतच नाहीत. आकड्यांची वाट बघत बसायचं नसतं. शुद्ध उतरणं आणि बाहुली मोठी होणं यांकडे नजर ठेवायची.

बेनब्रिज: सलाईन लावताना आठवावा, पण जपून

इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस बेनब्रिज यांनी १९१५ साली भूल दिलेल्या कुत्र्यांच्या शिरेत द्रव सोडला, आणि नाडी वाढली, धमनीतलं बीपी न पडताही. उजवी कर्णिका आणि तिच्यात मिळणाऱ्या शिरांच्या तोंडाशी ताण ओळखणारी टोकं आहेत. ती व्हेगसमधून कळवतात, आणि परत येणारा हुकूम असतो: नाडी वाढवा, आलेलं रक्त पुढे ढकला. दिशा बॅरोरिफ्लेक्सच्या बरोबर उलट. आधीची नाडी मंद असेल तर ही वाढ जास्त दिसते, आधीच जलद असेल तर दिसत नाही किंवा उलट मंदावतेसुद्धा.

माझं स्पष्ट मत: वॉर्डात या रिफ्लेक्सचं नाव जेवढं घेतलं जातं तेवढा तो माणसात दिसत नाही. कुत्र्यात जोरदार आहे, माणसात बॅरोरिफ्लेक्स त्याला झाकून टाकतो. शॉकमधल्या पेशंटला ५०० मिली सलाईन गेलं आणि नाडी १३० वरून ११० झाली, तर बॅरोरिफ्लेक्स शांत झाला. हेच अपेक्षित. पण सलाईन गेल्यावर नाडी वाढली, तर 'बेनब्रिज असेल सर' म्हणून मोकळं होऊ नये. आतून रक्त अजून जातंय का, पोट तपासलं का, मांडीचं हाड पाहिलं का, हे विचारायचं. वयस्क पेशंटला दोन बाटल्या भरभर चढवल्या, नाडी वाढली आणि दम लागला, तर फुफ्फुसांत पाणी भरतंय. तिथे नाडी पळवतो तो ऑक्सिजनच्या तुटवड्याने वाढलेला श्वास आणि घाबरलेला जीव. छातीचा तळ ऐका, सॅच्युरेशन पाहा, बाटली बंद करा.

कर्णिकेच्या ताणाचं दुसरं काम मात्र माणसात पक्कं दिसतं: लघवी वाढणं. ताणलेल्या कर्णिका स्वतः एक संप्रेरक सोडतात, १९८१ साली डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलेलं, आणि पाणी रोखणारं व्हॅसोप्रेसिनही कमी होतं. अचानक धडधड होऊन आलेला पेशंट वरचेवर लघवीला जातो तो याचमुळे.

मनगटावर बोट ठेवून सावकाश खोल श्वास घ्या. आत घेताना नाडी जरा जलद, सोडताना मंद लागते. तरुण माणसात हे छान कळतं. आत घेताना छातीतला दाब उतरून हृदयाकडे जास्त रक्त येतं, त्यात बेनब्रिजचा वाटा आहे. पण मेंदूच्या श्वसनकेंद्राचा आणि फुफ्फुसांच्या ताणाचाही आहे, त्यामुळे एकट्या बेनब्रिजला श्रेय देऊ नये.

टेबलाशी काय करायचं, त्या क्रमाने

नाडी मंद आणि बीपी चढलेलं दिसलं की पहिलं पाऊल नेहमी श्वासमार्गाचं. जीभ मागे पडली आहे का, घशात रक्त किंवा उलटी आहे का, घोरल्यासारखा आवाज येतो का. मान न वळवता जबडा पुढे ओढा, सक्शन करा, चालत असेल तर तोंडात एअरवे घाला, ऑक्सिजन लावा, श्वास अपुरा असेल तर बॅगने द्या. बॅग दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस वेळा दाबतो, त्याने कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूच्या वाहिन्या आवळतात आणि आधीच उपाशी मेंदूचं रक्त आणखी कमी होतं.

दुसरं पाऊल, दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा मोजणं. ही खरी कसोटी. सॅच्युरेशन ९५ च्या वर गेलं आणि नाडी परत आली, तर ती मंद नाडी कीमोरिफ्लेक्सची होती. सॅच्युरेशन ९८ आहे, श्वासमार्ग मोकळा आहे, तरी नाडी मंदच आणि बीपी चढतंच आहे, तर कुशिंग धरून पुढे चला. मधली अवस्थाही असते. श्वास अडकल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूच्या वाहिन्या पसरतात आणि कवटीतला दाब वाढतो. म्हणजे कीमोचा पेशंट अडकलेल्या श्वासामुळे कुशिंगकडे ढकलला जाऊ शकतो. पहिलं पाऊल दोघांसाठी एकच ठेवण्याचं कारण हेच.

तिसरं, नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि श्वास छातीकडे बघून मोजा. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा अनियमित श्वासात फसवतो. शुद्ध, दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि उजेडाला प्रतिसाद, हातापायांची हालचाल बघा.

चौथं, कागदावर वरच्या-खालच्या बीपीतला फरक वेगळ्या रकान्यात लिहा. नाडीपेक्षा हा आकडा आधी बोलतो. दर पंधरा मिनिटांनी.

कुशिंगचा संशय आला तर आता काय? डोकं ३० अंश वर, मात्र बीपी पडलेलं नाही याची खात्री करून. मणक्याची शंका असेल तर अख्खा पलंग तिरका करा, पाठ वाकवू नका. मान सरळ. कॉलर गच्च आहे का, ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याला रुतली आहे का, हे बोट घालून बघा. गळ्याच्या शिरा दबल्या तर मेंदूतलं रक्त बाहेर पडत नाही, आणि ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. सलाईन नॉर्मल सलाईनच, ५ टक्के डेक्स्ट्रोज नको, त्यातलं पाणी मेंदूत शिरून सूज वाढते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून २० टक्के मॅनिटॉल, किलोला अर्धा ते एक ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३० ते ६० ग्रॅम, म्हणजे १५० ते ३०० मिली. पण त्याआधी युरिन कॅथेटर घाला आणि बीपी पडलेलं असेल तर मॅनिटॉल देऊच नका. तिथे हायपरटॉनिक सलाईन बरं. सीटी आणि न्यूरोसर्जनला फोन हे या सगळ्याच्या बरोबरीने, नंतर नाही.

दोन गोष्टी करू नका. मंद नाडी बघून अ‍ॅट्रोपिन देऊ नका: नाडी वाढेल, गाठ तिथेच राहील. आणि चढलेलं बीपी बघून ते उतरवायचं औषध देऊ नका. का, ते खालच्या केसमध्ये गणितासह येतं.

एक केस, आकड्यांसह

ही केस शिकवण्यासाठी बेतलेली आहे, पण अशी माणसं हंगामात येतातच. वय २८, वजन साधारण ६० किलो, खानापूर रस्त्यावर उभ्या ट्रॉलीवर मागून आदळलेला. आल्यावर घोरतोय. नाडी ५४, बीपी १५०/९०, सॅच्युरेशन ७८, जीसीएस ९. कुणीतरी 'कुशिंग!' म्हणतं. सोबत आलेले मामा म्हणतात, "सर, झोपलाय ओ तो, दमलाय. झोपू दे की." घोरणं म्हणजे गाढ झोप, असं नातेवाइकांना वाटतं. इथे तो जिभेने अडवलेल्या श्वासाचा आवाज आहे, आणि मामांना शांतपणे पण लगेच सांगावं लागतं की ही झोप नाही, याला उठवून बघत राहावं लागणार.

जबडा ओढला, घशातलं रक्त काढलं, ऑक्सिजन दिला. तीन मिनिटांत सॅच्युरेशन ९६, नाडी ९८, बीपी १३२/८०, जीसीएस ११. म्हणजे आल्यावेळची मंद नाडी कीमोरिफ्लेक्सची होती. बीपीतला फरक ५२. इथे बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात आणि कागदावरची पुढची नोंद थेट दोन तासांनी होते.

या पेशंटची नोंद मात्र दर पंधरा मिनिटांनी चालू राहिली. पाऊण तासाने नाडी ८४, बीपी १४०/८०, फरक ६०. आणखी पंधरा मिनिटांनी नाडी ६८, बीपी १६०/८२, फरक ७८, उत्तरं अडखळत. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत नाडी ५४, बीपी १८८/८४, फरक १०४, श्वास अनियमित, उजवी बाहुली मोठी आणि उजेडाला सुस्त, डावा हात ढिला, जीसीएस ७. सॅच्युरेशन पूर्ण वेळ ९८.

आल्यावेळी आणि आता, नाडी दोन्ही वेळा ५४. पण पहिल्यांदा सॅच्युरेशन ७८ होतं आणि फरक ६०, आता सॅच्युरेशन ९८ आणि फरक १०४. पहिली ५४ हवेने सुटली, दुसरी सुटणार नाही. नुसत्या नाडीच्या रकान्यावर बोट ठेवलं असतं तर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या.

आता गणित. सरासरी बीपी: ८४ अधिक १०४ चा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ११९. कवटीत मोजणारी तार नाही, पण दाब ६० आहे असं धरू. मेंदूला मिळणारा जोर ५९, जेमतेम. आता कुणी चढलेल्या बीपीला घाबरून औषध दिलं आणि बीपी १४०/८० वर आणलं. सरासरी १००, त्यातून ६० गेले, उरले ४०. कागदावर आकडा छान दिसतो आणि मेंदू तिथेच मरू लागतो. चढलेलं बीपी हा इथे आजार नाही, उरलेला एकमेव पुरवठा आहे. उतरवायचा तो कवटीतला दाब.

जीसीएस ७ म्हणजे ट्यूब. मॅनिटॉल, पलंग तिरका, न्यूरोसर्जन. बाहुली मोठी झाल्यावर ऑपरेशनपर्यंतच्या थोड्या वेळासाठी बॅग मिनिटाला वीसपर्यंत दाबता येते. तो फक्त पूल आहे, रात्रभर चालवायचा उपाय नाही. सीटीत उजव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्ताची गाठ दिसते. ती काढल्यावर बीपी आपोआप उतरतं आणि नाडी वर येते. गाठ गेली की रिफ्लेक्सला काम उरत नाही.

कुशिंग असूनही आकडे गप्प राहतात तेव्हा

पेशंटच्या पोटातही रक्तस्राव असेल तर नाडी जलद राहते आणि बीपी 'नॉर्मल' दिसतं. रक्त गेल्याने बीपी खाली ओढलं जातंय, कुशिंगने वर, आणि मधे १२० चा फसवा आकडा. अशा पेशंटमध्ये बाहुलीवर भरवसा ठेवा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या वयस्कांची नाडी ५८ असणं हे रोजचंही असू शकतं, तेव्हा नातेवाइकांकडून गोळ्यांची पट्टी मागून बघा. ज्याचं बीपी घरीही १७० असतं त्याचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, मागच्या आकड्याशी तुलना हवी.

नाडी मंद आणि बीपीसुद्धा पडलेलं, हातपाय गरम, तर डोकं सोडून मान तपासा. मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली की सिम्पथेटिक सूत्रं तुटतात आणि व्हेगस एकटा राहतो. ही जोडी कुशिंगच्या नेमकी विरुद्ध आहे आणि तिथे बीपी चढवावं लागतं. मणक्यात भूल दिल्यावर मंदावलेली नाडीही याच घरातली: शिरांत रक्त साचतं, कर्णिका रिकामी राहते, आणि बेनब्रिज उलटा चालून नाडी खाली येते. पाय वर करून आणि द्रव देऊन कर्णिका भरली की ती बहुधा सावरते, नाही सावरली तर औषध लागतं.

बीपी चढलंय पण नाडीही जलद, पेशंट अस्वस्थ, हातपाय झाडतोय: कुशिंगकडे धावण्याआधी मूत्राशयावर हात ठेवा. मॅनिटॉल दिलं आणि कॅथेटर बंद पडलं असेल तर तुडुंब भरलेलं मूत्राशय हेच कारण निघतं.

बेळगावला पाठवताना चिठ्ठीत काय असावं

सीमाभागातल्या चिठ्ठ्यांची तऱ्हा ठरलेली आहे. कागद इंग्रजीत, सिस्टर कानडीत बोलते, नातेवाईक मराठीत, आणि मधे कुठेतरी वेळ गळून पडते. 'बीपी १८०, नाडी ५४' एवढंच लिहिलेली चिठ्ठी पोचते तेव्हा ती मोजणी श्वासमार्ग मोकळा करण्याच्या आधीची की नंतरची, हे कुणालाच कळत नाही. आणि तो एक तपशील नसला तर कीमो आणि कुशिंग वेगळे करता येत नाहीत.

म्हणून प्रत्येक मोजणीच्या पुढे घड्याळाची वेळ. प्रत्येक नाडी-बीपीच्या शेजारी त्याच क्षणाचं सॅच्युरेशन. श्वासमार्ग किती वाजता मोकळा केला आणि त्यानंतरच्या पहिल्या मोजणीत काय बदललं. बाहुली उजवी किती, डावी किती, आणि कधी बदलली. पेशंट शेवटचं नीट कधी बोलला, हे नातेवाइकांना त्यांच्या भाषेत विचारून. मॅनिटॉल किती मिली, किती वाजता. अ‍ॅट्रोपिन, झोपेचं किंवा बीपीचं काही दिलं असेल तर तेही न लपवता, कारण पुढचा डॉक्टर त्या नाडीवरून अंदाज बांधणार आहे. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबत जाणाऱ्याने त्याच कागदावर वाटेतल्या नोंदी करत जायचं. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर आहे, तेवढ्यात दोन मोजण्या सहज होतात.